140 की 280 : प्रॉडक्ट मॅनेजरच्या निर्णयांचा गोषवारा

प्रॉडक्ट मॅनेजरच्या रेझ्युमेत नावाखाली चार-सहा ओळींचा गोषवारा असतो. त्याचेच थोडे मोठे, पाऊण-एक पानाचे रूप मुलाखतीआधी पाठवल्या जाणाऱ्या पोर्टफोलिओत आणि कंपनीतल्या वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी लिहावे लागते. दोन्ही ठिकाणी वाचणाऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. या व्यक्तीसमोर अवघड निवड आली तेव्हा तिने काय निवडले, त्यासाठी काय सोडले आणि पुढे काय झाले? हातात मात्र बहुधा फीचरांची यादी पडते. नवे होमपेज आणले, सर्च सुधारला, नोटिफिकेशन सुरू केले, तीन भाषा वाढवल्या. यादीतली प्रत्येक ओळ खरी असते, तरी मूळ प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडत नाही.

याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. प्रॉडक्ट मॅनेजर सहसा कोड लिहीत नाही, पडद्याचे आरेखन करत नाही आणि विक्रीलाही जात नाही. कोणती अडचण आधी सोडवायची, ती कोणत्या मार्गाने सोडवायची आणि कशाला नाही म्हणायचे, हे इंजिनिअर, डिझायनर आणि विक्रीच्या माणसांबरोबर बसून ठरवणे हे त्याचे काम. तयार झालेले फीचर सगळ्यांचे असते. इंजिनिअरच्या, डिझायनरच्या आणि टेस्टरच्या रेझ्युमेतही तेच फीचर असते आणि असायलाही हवे. प्रॉडक्ट मॅनेजरचा स्वतःचा वाटा निर्णयात असतो, आणि यादी करताना नेमका निर्णयच गळून पडतो, कारण यादीत फक्त जे झाले तेच येते. ज्या पर्यायांवर विचार होऊन ते बाजूला ठेवले गेले, त्यांना यादीत जागा नसते.

निर्णयाचा गोषवारा कसा दिसतो, हे पाहायला एक चांगले सार्वजनिक उदाहरण आहे. ट्विटरने 2017 मध्ये संदेशाची मर्यादा 140 अक्षरांवरून 280 वर नेली. हा बदल समजावून सांगणारी दोन छोटी टिपणे कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजर अलिझा रोझेन यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. सप्टेंबरमधले टिपण चाचणी सुरू करताना इकुहिरो इहारा या इंजिनिअरसह लिहिलेले होते, तर नोव्हेंबरमधले टिपण बदल सर्वांना लागू करताना. कंपनीच्या आत चाललेल्या चर्चा त्यात अर्थातच नाहीत. तरीही अडचण, पर्याय, भीती, चाचणी आणि परिणाम असा पूर्ण धागा त्यात सापडतो, आणि असा धागा इतक्या उघडपणे क्वचितच पाहायला मिळतो.

140 हा आकडा आला एसएमएसमधून. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरे मावतात. 2006 मध्ये ट्विटर सुरू झाले ते मोबाइलच्या एसएमएसवर चालेल अशा बेताने, म्हणून 20 अक्षरे पाठवणाऱ्याच्या नावासाठी राखून उरलेली 140 मजकुराला दिली गेली. पुढे स्मार्टफोन आले आणि एसएमएसची अट गळून पडली, पण मर्यादा राहिली. एवढेच नव्हे, तर ती ट्विटरची ओळख बनली. थोडक्यात लिहिण्याची एक शैली तिच्याभोवती तयार झाली आणि जुन्या वापरकर्त्यांना तिचा अभिमान वाटू लागला. म्हणजे 2017 मध्ये ज्याला हात लावायचा होता, ती तांत्रिक गरज उरली नव्हती. ती लोकांची सवय आणि आवड झाली होती.

अडचण काय होती? आपल्याला जागा पुरत नाही, अशी तक्रार लोक नेहमीच करत, पण तक्रारींवरून अडचणीचा आकार कळत नाही. सप्टेंबरच्या टिपणात तो आकार दोन भाषा शेजारी ठेवून दाखवला आहे. इंग्रजीत पाठवलेल्या ट्वीटपैकी 9 टक्के ट्वीट थेट 140 या मर्यादेला टेकत होते, तर जपानीत हे प्रमाण अवघे 0.4 टक्के होते. सर्वाधिक आढळणारी लांबी इंग्रजीत 34 अक्षरे होती, तर जपानीत 15. जपानी, चिनी आणि कोरियन लिपींत एका अक्षरात जवळपास दुप्पट आशय मावतो, त्यामुळे एकच मर्यादा वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना वेगळ्या जाचाची ठरत होती. या तुलनेने प्रश्नच बदलला. लोकांना जास्त जागा हवी का, हा प्रश्न मागे पडला आणि एका भाषेतल्या माणसाला मोकळेपणाने लिहिता येते तेवढेच दुसऱ्या भाषेतल्या माणसाला लिहिता यावे, हे उद्दिष्ट पुढे आले. चांगल्या गोषव्याराचे पहिले वाक्य इथूनच निघते, आणि ते लिहिताना आकडा कशाचा आहे याचे भान लागते. ते 9 टक्के पाठवल्या गेलेल्या ट्वीटपैकी होते. मर्यादेत बसेना म्हणून ज्यांनी लिहिलेले पुसून टाकले, ते या आकड्यात मुळीच नाहीत. त्यामुळे खरी अडचण 9 टक्क्यांपेक्षा मोठी होती, असेच धरून चालावे लागते.

आता पर्याय. मर्यादा सैल करण्याचे मार्ग एकाहून अधिक होते आणि त्यांतले काही आधी चोखाळूनही झाले होते. सप्टेंबर 2016 मध्ये फोटो, जीआयएफ, पोल यांसारख्या जोडण्या अक्षरमोजणीतून वगळल्या गेल्या. मार्च 2017 मध्ये उत्तर देताना समोरच्याचे नाव मोजणे बंद झाले. या दोन्ही बदलांनी 140 हा आकडा तसाच ठेवून जागा मोकळी केली. अगदी दुसऱ्या टोकाचा पर्यायही चर्चेत होता. 2016 च्या सुरुवातीला 10,000 अक्षरांपर्यंत मजकूर लिहू देण्याची कल्पना बातम्यांमध्ये आली होती, पण त्या वेळी ती अमलात आली नाही. 280 हा आकडा या दोन टोकांच्या मध्ये बसतो, आणि तो निवडण्यामागचा तर्क जपानी-इंग्रजी तुलनेशी जुळतो. जिथे एका अक्षरात निम्मा आशय मावतो, तिथे अक्षरे दुप्पट.

त्याला जोडूनच एक न करण्याचा निर्णय होता. जपानी, चिनी आणि कोरियन भाषांत मर्यादा वाढवली गेली नाही, कारण तिथे अडचण नव्हती. यादीत अशा निर्णयाला स्थान नसते. न केलेले काम यादीत लिहिणार कसे? गोषवाऱ्यात मात्र तो लिहायलाच हवा, कारण निर्णय अडचणीच्या आकारावरून घेतला होता याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तोच आहे. सगळ्या भाषांत सरसकट दुप्पट जागा दिली असती, तर तो बदल सोपा झाला असता आणि जाहिरातीलाही बरा दिसला असता.

मराठी वाचकाला या निर्णयाचा एक बारकावा जवळचा वाटेल. नव्या नियमात प्रत्येक चिन्हाला वजन दिले गेले. चिनी-जपानी चिन्हाचे वजन दुप्पट धरले, म्हणून तिथे 140 चिन्हे मावतात. रोमन आणि देवनागरी या दोन्ही लिप्या एकेरी वजनाच्या गटात आल्या, त्यामुळे मराठीलाही 280 ची मुभा मिळाली. पण मोजणी युनिकोडच्या चिन्हांची होते आणि युनिकोडमध्ये काना, वेलांटी आणि हलन्ताची खूण ही प्रत्येकी वेगळी चिन्हे आहेत. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो: म, हा, रा, ष्ट्र. मोजणीत तो 10 चिन्हांचा होतो. म्हणजे मराठी लिहिणाऱ्याला 280 ‘अक्षरे’ मिळाली असे म्हणणे बरोबर नाही, त्याला 280 चिन्हे मिळाली. नियम लिप्यांच्या मोठ्या गटांवर बेतलेला आहे आणि त्या गटांच्या आत भाषाभाषांत फरक उरतो. निर्णयाने कोणती अडचण सुटली आणि कोणती तशीच राहिली, हे अशा तपशिलातून कळते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे या बदलाची किंमत. प्रॉडक्ट मॅनेजरांच्या बोलण्यात ‘ट्रेड-ऑफ’ हा शब्द सतत येतो, पण गोषवाऱ्यात तो बहुधा नुसता शब्द म्हणून येतो: ‘वेगवेगळे ट्रेड-ऑफ विचारात घेऊन’ असे लिहायचे आणि पुढे जायचे. खरा ट्रेड-ऑफ लिहिताना कोणाला काय मिळाले आणि कोणाला काय गमवावे लागू शकत होते, ही दोन्ही नावे घ्यावी लागतात. इथे मिळणार होते लिहिणाऱ्याला. त्याची छाटाछाट वाचणार होती आणि अर्धवट सोडलेले ट्वीट पूर्ण होणार होते. गमावण्याची वेळ आली असती वाचणाऱ्यावर. टाइमलाइन म्हणजे एकामागून एक झरझर नजरेखालून घालायच्या छोट्या नोंदी. प्रत्येकाने मिळालेली सगळी जागा भरली असती, तर एका पडद्यावर मावणाऱ्या नोंदी कमी झाल्या असत्या आणि ट्विटर वाचण्याचा वेगच हरवला असता. एकच माणूस लिहितोही आणि वाचतोही, पण बहुसंख्य वेळ तो वाचक असतो. म्हणून ही किंमत मोठी होती. नोव्हेंबरच्या टिपणात ही भीती लपवलेली नाही. टाइमलाइन लांबलचक ट्वीटनी भरून जाईल अशी काळजी आपल्याला आणि अनेक वापरकर्त्यांनाही वाटत होती, असे त्यात सरळ म्हटले आहे.

किंमत अशी नेमकी मांडली की काय मोजायचे तेही आपोआप ठरते. लिहिणाऱ्याचा फायदा मोजायचा तर मर्यादेला टेकणाऱ्या ट्वीटचे प्रमाण पाहायचे, आणि वाचणाऱ्याचा तोटा मोजायचा तर जुन्या 140 च्या पुढे जाणाऱ्या ट्वीटचे. पहिला आकडा खाली यायला हवा आणि दुसरा फार वर जाता कामा नये. दुसऱ्या प्रकारच्या मापाला या क्षेत्रात ‘गार्डरेल’ म्हणतात. त्याची हद्द ओलांडली गेली तर फायदा कितीही मोठा असला तरी बदल मागे घ्यायचा, असे आधीच ठरवलेले असते. ज्या गोषवाऱ्यात एकच माप असते आणि ते वरच जात असते, त्यात ट्रेड-ऑफ खरोखर तोलला गेला होता की नाही हे वाचणाऱ्याला कळत नाही.

चाचणी सप्टेंबर 2017 मध्ये एका छोट्या गटापुरती सुरू झाली. पहिल्या काही दिवसांत त्या गटातल्या अनेकांनी हौसेने पूर्ण 280 अक्षरे भरली. नव्या गोष्टीच्या नवलाईमुळे आकडे असे काही काळ फुगतात. त्या दिवसांतच निष्कर्ष काढला असता, तर वाचकाचा तोटा प्रत्यक्षाहून फार मोठा दिसला असता आणि कदाचित बदल सोडूनही दिला गेला असता. थोड्याच दिवसांत वागणे स्थिरावले. नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार चाचणीतल्या गटाने पाठवलेल्या ट्वीटपैकी फक्त 5 टक्के ट्वीट 140 अक्षरांच्या पुढे गेले आणि 190 च्या पुढे गेले ते केवळ 2 टक्के. इंग्रजीत मर्यादेला टेकणाऱ्या ट्वीटचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आले. चाचणीतल्या लोकांनी आपल्याला अधिक समाधान वाटल्याचे सांगितले. ज्यांना जास्त जागा मिळाली त्यांना लाइक आणि रीट्वीट जास्त मिळाले, असेही टिपणात आहे. 7 नोव्हेंबर 2017 रोजी बदल सर्वांना लागू झाला.

या आकड्यांतला प्रत्येक आकडा गोषवाऱ्यात सारख्याच वजनाने लिहिता येईल का? येणार नाही, आणि असे का, हे पाहणे उद्बोधक आहे. 9 वरून 1 ही घट डोळ्यांत भरते, पण तिचा काही भाग निव्वळ यांत्रिक आहे. छत उंच केल्यावर त्याला डोके लागणाऱ्यांची संख्या कमी होणारच. तरी ती पूर्णपणे यांत्रिक नाही. लोकांनी नवी जागाही काठोकाठ भरली असती, तर प्रमाण 9 च्या आसपास राहू शकले असते. म्हणून 9 वरून 1 हा आकडा एकट्याने लिहिला तर कमकुवत आणि 5 व 2 टक्क्यांच्या सोबत लिहिला तर भक्कम ठरतो. हे तिन्ही आकडे मिळून सांगतात की अडचण असलेल्यांना जागा मिळाली आणि बाकीचे पूर्वीइतकेच थोडक्यात लिहीत राहिले.

जास्त लाइक मिळाल्याचा आकडा याहून नाजूक आहे. चाचणीच्या काळात मूठभर लोकांकडेच लांब ट्वीट लिहिण्याची सोय होती, त्यामुळे त्यांचे लिखाण गर्दीत उठून दिसत होते. ती सोय सर्वांना मिळाल्यावर उठून दिसण्याचा फायदा संपतो. त्यामुळे ‘280 अक्षरांमुळे लाइक वाढले’ असे लिहिणे धाडसाचे ठरेल. चाचणीच्या गटात तसे दिसले, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. अनुभवी मुलाखतकार इथेच बोट ठेवतो: हा फरक सर्वांना सोय मिळाल्यावर टिकला का? उत्तर तयार नसेल तर गोषवाऱ्यातल्या बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही डळमळतो.

निर्णयाच्या खऱ्या परिणामाला बऱ्याचदा वर्ष जावे लागते. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्विटरने वर्षभरानंतरची स्थिती जाहीर केली. इंग्रजीतली सर्वाधिक आढळणारी लांबी 34 वरून 33 झाली होती, म्हणजे जवळपास तीच. 140 च्या पुढे जाणारे ट्वीट साधारण 12 टक्के होते आणि 280 ला टेकणारे 1 टक्का. चाचणीतल्या 5 टक्क्यांच्या तुलनेत 12 हा आकडा दुपटीहून मोठा आहे. लोक हळूहळू मोकळ्या जागेला सरावले, हे त्यातून दिसते, आणि चाचणीचा काळ छोटा असला की असे बदल निसटतात हेही दिसते. तरीही टाइमलाइन भरून जाण्याची भीती खरी ठरली नाही. एक अनपेक्षित गोष्टही नोंदली गेली. इंग्रजीतल्या ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ या शब्दांचा वापर अनुक्रमे 54 आणि 22 टक्क्यांनी वाढला. जागा वाचवण्यासाठी सर्वांत आधी कापले जात होते ते सौजन्याचे शब्द, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. हा परिणाम कोणी ठरवून घडवलेला नव्हता, म्हणून तो लिहायचा तर ‘नंतर असे आढळले’ या शब्दांत लिहावा, उद्दिष्ट म्हणून नव्हे.

आता याच कामाची दोन लेखने समोरासमोर ठेवता येतील. कल्पना अशी की बदलावर काम केलेली एखादी व्यक्ती रेझ्युमे लिहीत आहे. यादीच्या पद्धतीने ती लिहील: ‘ट्वीटची मर्यादा 140 वरून 280 केली. अक्षरे दाखवणाऱ्या आकड्याच्या जागी वर्तुळ आणले. भाषेनुसार अक्षरमोजणीचे नियम बदलले. चाचणी घेऊन बदल जगभर लागू केला.’ चारही वाक्ये खरी आहेत. पण 280 का, 200 किंवा 10,000 का नाही, कोणाचा विरोध होता, काय बिघडू शकत होते आणि बिघडले का, यांपैकी काहीच त्यातून समजत नाही.

निर्णयाच्या पद्धतीने तेच काम असे लिहिता येईल: ‘इंग्रजीतले 9 टक्के ट्वीट 140 च्या मर्यादेला टेकत होते, जपानीत मात्र 0.4 टक्के. त्यामुळे मर्यादा सरसकट न काढता ज्या भाषांत जागा अपुरी पडत होती, तिथेच ती दुप्पट करण्याचा पर्याय निवडला. जपानी, चिनी व कोरियन भाषांत बदल केला नाही. टाइमलाइन लांब ट्वीटनी भरून वाचन संथ होणे हा मुख्य धोका होता, म्हणून छोट्या गटावर चाचणी घेऊन 140 च्या पुढे जाणाऱ्या ट्वीटवर लक्ष ठेवले. नवलाई ओसरल्यावर असे ट्वीट 5 टक्के राहिले आणि मर्यादेला टेकणारे 9 वरून 1 टक्क्यावर आले. वर्षभरानंतर 140 च्या पुढे जाणाऱ्या ट्वीटचे प्रमाण 12 टक्के झाले, सर्वाधिक आढळणारी लांबी मात्र जवळपास तीच राहिली.’ यात वर्तुळाचा उल्लेख नाही. वर्तुळ चांगले होते, पण त्याच्यासाठी काही सोडावे लागल्याचे दिसत नाही, म्हणून ते गळले तरी चालते.

रेझ्युमेच्या वरच्या भागात एवढी जागा नसते. तिथे हे दोन ओळींत आणावे लागते, आणि कापताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी विशेषणे जातात, मग पद्धतीचे तपशील, मग दुय्यम आकडे. निवड, धोका आणि परिणाम हे तिन्ही शेवटपर्यंत ठेवायचे: ‘जागा अपुरी पडणाऱ्या भाषांतच मर्यादा दुप्पट केली, वाचन संथ होण्याचा धोका चाचणीत तपासला, मर्यादेला टेकणारे ट्वीट 9 वरून 1 टक्का, लांबलेले ट्वीट 5 टक्क्यांतच.’ उरलेले सगळे मुलाखतीत विचारले जाते, आणि तसे विचारले जावे हाच या दोन ओळींचा उपयोग.

या पद्धतीचीही नक्कल होते, म्हणून खोटा ट्रेड-ऑफ ओळखता आला पाहिजे. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ज्यात दुसरी बाजू कोणीच निवडली नसती असा ट्रेड-ऑफ: ‘दर्जाशी तडजोड न करता वेग साधला.’ दर्जा खालावला असता तरी चालले असते, असे कोणीच म्हणत नाही, त्यामुळे इथे निवड झालेलीच नाही. तपासण्याचा मार्ग सोपा आहे. नाकारलेल्या पर्यायाची बाजू घेणारा एखादा समंजस सहकारी कल्पनेत उभा राहतो का, हे पाहावे. 280 च्या बाबतीत तो सहज उभा राहतो. थोडक्यात लिहिणे हीच ट्विटरची ओळख आहे, तिला हात लावू नका, हे म्हणणे अजिबात मूर्खपणाचे नव्हते.

दुसरा दोष परिणामाच्या श्रेयाचा. समजा, वीजबिल भरण्याच्या एखाद्या अॅपमध्ये ऑटो-पेची सोय आली आणि त्याच महिन्यात कंपनीने कॅशबॅकही दिला. वेळेवर बिल भरणारे वाढले, पण ते कशामुळे? दोन गोष्टी एकत्र घडल्या असतील तर तसे लिहावे, आणि शक्य असेल तर कॅशबॅक संपल्यानंतरचा आकडा द्यावा. तो बदलाआधीच्या आकड्यापेक्षा वर टिकला असेल, तर ऑटो-पेचे श्रेय त्यातून निदान काही अंशी दिसते. सुरुवातीचा आकडाच दिला नसेल, तर ‘20 टक्के वाढ’ला काही अर्थ उरत नाही, कारण दहा ग्राहकांचे बारा झाले तरी वाढ 20 टक्केच असते. ज्या कंपन्यांचे आकडे बाहेर सांगण्यास मनाई असते, तिथे मूळ संख्या न देता ‘दहापैकी चार ग्राहक पहिल्याच पायरीवर सोडून जात, ते दोनवर आले’ असे प्रमाण देण्याची परवानगी कंपनीकडून मागता येते.

निर्णय योग्य असूनही परिणाम वाईट निघू शकतो, आणि उलटही होते. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर निवड योग्य होती, पण बाजार बदलला किंवा गृहीतक चुकले, असे काम गोषवाऱ्यातून गाळण्याकडे कल असतो. ते गाळू नये. चाचणीत गार्डरेल ओलांडली गेली म्हणून फीचर थांबवले, हे एक वाक्य चार यशस्वी फीचरांपेक्षा जास्त सांगते, कारण तयार झालेले काम टाकून देण्याला लागणारे धैर्य आणि पुरावा दोन्ही त्यात दिसतात.

हे सगळे वर्षाच्या शेवटी आठवून लिहायला बसले तर जमत नाही. काय नाकारले होते हे विसरायला होते आणि जे झाले तेच आधीपासून उघड होते असे वाटू लागते. यावर सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात एक जुना उपाय आहे. मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये इंजिनिअरांसाठी निर्णयांच्या छोट्या नोंदी ठेवण्याची पद्धत मांडली. प्रत्येक नोंद एक-दोन पानांची असते आणि तिचे भाग म्हणजे शीर्षक, परिस्थिती, निर्णय, सद्यःस्थिती आणि परिणाम. परिणामांत चांगल्याबरोबर वाईटही लिहायचे असा तिचा दंडक आहे. निर्णय पुढे बदलला तर जुनी नोंद पुसायची नाही, फक्त तिच्या जागी दुसरी आल्याचे लिहायचे. प्रॉडक्ट मॅनेजरला ही पद्धत जशीच्या तशी चालते. मोठा निर्णय झाला त्याच आठवड्यात नाकारलेले पर्याय, अपेक्षित तोटा आणि पाहायचा आकडा लिहून ठेवला, की वर्षाअखेर गोषवारा लिहिण्यासाठी फक्त शेवटची ओळ भरायची उरते.

280 च्या नोंदीतही सद्यःस्थितीचा रकाना पुढे बदलला असता. 2023 मध्ये ट्विटरने पैसे भरणाऱ्या ग्राहकांना आधी 4,000 आणि नंतर त्याहून कितीतरी जास्त अक्षरे लिहिण्याची मुभा दिली. 2017 मध्ये निकष होता भाषांमधल्या समानतेचा, 2023 मध्ये तो वर्गणीचा झाला. नव्या उद्दिष्टासाठी नवा निर्णय घेतला गेला, त्यामुळे जुना निर्णय चुकीचा ठरत नाही. पण त्या काळचे आकडे सांगताना ते कोणत्या उद्दिष्टासाठी मोजले होते, हे सोबत सांगावे लागते.

गोषवारा पाठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला, कोणत्या काळातला आहे आणि कशापैकी इतका आहे, हे स्वतःच्या वहीत लिहून पाहावे. ज्या आकड्यापुढे ही तिन्ही उत्तरे लिहिता येत नाहीत, तो काढून टाकावा.